हक्क की अनुग्रह? फाटक्या नोटेच्या परताव्याचा इतिहास

प्रास्ताविक

बँकेच्या खिडकीवर फाटकी नोट पुढे करणाऱ्या माणसाच्या मनात एक गोष्ट गृहीत असते. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने धारकास रक्कम देण्याचे वचन छापलेले आहे. तेव्हा नोट फाटली तरी ते वचन फाटत नाही, आणि बँकेने पैसे देणे हे तिचे कर्तव्यच ठरते. ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु कायद्याची भाषा तशी नाही. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ याच्या कलम २८ नुसार हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, फाटलेल्या अथवा सदोष नोटेचे मूल्य सरकारकडून किंवा बँकेकडून हक्काने वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही व्यक्तीस नाही. ते मूल्य मिळते ते केवळ अनुग्रह म्हणून, आणि बँकेने केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीने ठरविलेल्या अटींवर.

नोटेवरील वचन आणि कायद्यातील अनुग्रह यांच्यामधील हे अंतर कसे निर्माण झाले, ते भरून काढण्यासाठी कोणते नियम झाले आणि त्या नियमांनी नोटेचे किती नुकसान क्षम्य मानले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. अनुग्रहाचे रूपांतर हळूहळू मोजमापात झाले असले, तरी त्याचे हक्कात रूपांतर अद्याप झालेले नाही, हे या इतिहासावरून दिसून येते.

घासलेला रुपया आणि बट्टा

कागदी नोटेपूर्वीच्या काळातही झिजलेल्या पैशाचा प्रश्न होताच. पेशवाईच्या काळात महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी अशा अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असत. त्यांचे वजन व कस सारखा नसे. सराफ नाणे हातात घेऊन, वाजवून व कसाला लावून पाहत असे आणि त्यातील उणेपणानुसार बट्टा कापून घेत असे. नाणे वापरात जितके झिजले, तितका बट्टा वाढे. हा तोटा ज्याच्या हाती शेवटी ते नाणे येई, त्याच्यावर पडे.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसमान रुपया सुरू केला आणि टांकसाळींच्या विविधतेतून उद्भवणारा बट्टा मागे पडत गेला. झिजेचा प्रश्न मात्र उरला. १९०६ च्या नाणे कायद्याने त्याला निश्चित मर्यादा घातली. रुपयाचे वजन प्रमाणापेक्षा २ टक्क्यांहून अधिक घटलेले नसेल, तोवरच तो पूर्ण मूल्याने कायदेशीर चलन मानला जाई. ‘किती नुकसान चालेल’ या प्रश्नाला येथे सराफाच्या नजरेऐवजी आकड्याने उत्तर दिलेले आढळते.

चांदीच्या रुपयाबाबत हे तर्कशास्त्र समजण्यासारखे होते. त्याचे मूल्य बऱ्याच अंशी त्याच्या धातूत असल्याने धातू कमी झाला म्हणजे मूल्य कमी झाले, असे म्हणता येत होते. कागदी नोटेला हा न्याय जसाच्या तसा लागू होत नाही. नोटेचा कागद वजनाने वा क्षेत्रफळाने कितीही घटला, तरी तिच्यामागचे देणे घटत नाही. तरीही पुढे नोटेच्या बाबतीतही क्षेत्रफळाच्या टक्केवारीचीच भाषा आली. ती का आली, हे समजण्यासाठी नोटेच्या आरंभीच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे.

अर्ध्या नोटांचा टपालप्रवास

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारने आपल्याकडे घेतला. १०, २०, ५०, १००, ५०० व १००० रुपयांच्या नोटा काढण्याची तरतूद झाली. देशाची चलनमंडळांत विभागणी करण्यात आली. मुंबई हे त्यांपैकी एक प्रमुख मंडळ होते. एका मंडळाची नोट मूलतः त्याच मंडळात वटविली जाई. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० व १०० रुपयांच्या नोटा क्रमाने सर्व मंडळांत चालू लागल्या, तोवर ही मर्यादा कायम होती.

या व्यवस्थेत व्यापाऱ्यांना दूरच्या गावी रक्कम पाठवायची झाल्यास नोट टपालाने पाठवावी लागे. वाटेत टपाल लुटले गेले तर रक्कम गेली, ही भीती होती. त्यावर व्यापारी वर्गाने एक सोपा उपाय काढला होता. नोट मधोमध कापायची, एक अर्धा भाग प्रथम टपालाने पाठवायचा आणि तो पोहोचल्याचे पत्र आले की दुसरा अर्धा भाग रवाना करायचा. घेणारा दोन्ही भाग जुळवून चिकटवी आणि नोट पुन्हा व्यवहारात येई. नोटेचा क्रमांक एकाहून अधिक ठिकाणी छापलेला असल्याने दोन्ही अर्धे एकाच नोटेचे आहेत, हे पडताळून पाहता येई.

या प्रथेकडे बारकाईने पाहिले असता फाटक्या नोटेच्या पुढील साऱ्या नियमांचे बीज तीत दिसते. अर्धी नोट चोराच्या उपयोगाची नव्हती, कारण अर्ध्यावर सहजासहजी पैसे मिळत नसत. अर्ध्या नोटेवर सहजपणे पूर्ण रक्कम मिळू लागली असती, तर या उपायाचा हेतूच नष्ट झाला असता. इतकेच नव्हे, तर एकाच नोटेच्या दोन तुकड्यांवर दोन माणसांनी दोनदा रक्कम उचलली असती. नोट धारकाची असते. ती कोणाच्या हाती आहे याची नोंद काढणाऱ्याकडे नसते. म्हणून तुकडा घेऊन आलेल्या माणसाला पैसे देताना ‘उरलेला तुकडा कोठे आहे?’ हा प्रश्न काढणाऱ्याला विचारावाच लागतो. फाटक्या नोटेसंबंधीच्या प्रत्येक नियमाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

कलम २८ : वचनाची मर्यादा

रिझर्व्ह बँकेचे कामकाज १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाले आणि नोटा काढण्याचे काम तिच्याकडे आले. भारतीय नोटांची छपाई १९२८ पासूनच नाशिक येथे होऊ लागली होती. बँकेच्या स्वतःच्या नावाच्या नोटा १९३८ पासून चलनात आल्या. या नोटांच्या भवितव्याचा विचार १९३४ च्या कायद्यातच करून ठेवलेला होता. कलम २७ ने बँकेवर बंधन घातले, की फाटलेल्या, विद्रूप झालेल्या वा अतिशय मळलेल्या नोटा तिने पुन्हा चलनात आणू नयेत. कलम २८ ने धारकाचा हक्क नाकारला.

ही दोन कलमे एकत्र वाचली असता एक विसंगती लक्षात येते. खराब नोट पुन्हा बाहेर न पाठविणे हे बँकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. परंतु फाटक्या नोटेच्या धारकाला तिचे मूल्य देणे हे तसे कर्तव्य नाही. मात्र कलम २८ ला जोडलेल्या परंतुकाने वाट मोकळी ठेवली. कोणत्या परिस्थितीत, कोणत्या अटींवर व कोणत्या मर्यादेत मूल्य परत करावे, हे बँकेने नियमांनी ठरवावे आणि ते अनुग्रह म्हणून द्यावे, असे त्यात म्हटले आहे. फाटक्या नोटेची अदलाबदल आज ज्या नियमांवर चालते, त्या सर्वांचा उगम या एका परंतुकात आहे. १९७५ चे नोट परतावा नियम, त्यांच्या जागी आलेले २००९ चे नियम आणि २०१८ ची दुरुस्ती ही त्याचीच रूपे होत.

हक्क नाकारण्यामागे केवळ सत्तेचा ताठा होता, असे म्हणता येणार नाही. हरवलेली नोट नष्ट झालेली असतेच असे नाही. बहुधा ती दुसऱ्याच्या खिशात असते, आणि त्या दुसऱ्यालाही बँक बांधील असते. हरवल्याच्या दाव्यावर पैसे दिले, तर एका नोटेचे दोन देणी होतात. फाटक्या तुकड्याचेही तसेच आहे. हक्काच्या भाषेत लिहिलेला कायदा अशा दुहेरी दाव्यांना दार उघडून देईल, ही भीती निराधार नव्हती. प्रश्न एवढाच होता, की या भीतीचा भार प्रामाणिक धारकावर किती टाकावा.

मळकी आणि फाटकी : खिडकीवरील पहिला निवाडा

नोट बदलण्याच्या प्रक्रियेत पहिला निर्णय वर्गवारीचा असतो, आणि बहुतेक गैरसमज येथेच होतात. रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेत मळकी नोट व फाटकी नोट हे दोन वेगळे प्रकार आहेत.

नेहमीच्या वापराने मळलेली, मऊ पडलेली, घडीवर विरलेली नोट ही मळकी नोट होय. एकाच नोटेचे दोन तुकडे झाले असतील, ते दोन्ही हजर असतील, त्यांना जोडून संपूर्ण नोट होत असेल आणि तिचा कोणताही महत्त्वाचा भाग गेलेला नसेल, तर अशी चिकटवलेली नोटसुद्धा मळकीच मानली जाते. एकोणिसाव्या शतकातील टपालाने जोडलेल्या अर्ध्या नोटेची ही आजची वारसदार म्हणावी लागेल. मळक्या नोटेबाबत मोजमापाचा प्रश्न येत नाही. तिचे पूर्ण मूल्य मिळते. ती खात्यात भरता येते, सरकारी देण्यापोटी देता येते किंवा खिडकीवर बदलून घेता येते. एका दिवसात २० नोटांपर्यंत आणि ५,००० रुपयांच्या मर्यादेत ही अदलाबदल कोणतेही शुल्क न घेता व्हावी, असे बँकेचे निर्देश आहेत. बदलणारा त्या शाखेचा खातेदार असण्याची अट नाही.

ज्या नोटेचा एखादा भाग गहाळ आहे किंवा जी दोनपेक्षा अधिक तुकड्यांची बनलेली आहे, ती फाटकी अर्थात खंडित नोट होय. येथून परतावा नियमांचे राज्य सुरू होते. अशा नोटेवर शाखेतील विहित अधिकारी निवाडा करतो. हा शब्द येथे अलंकारिक नाही. अधिकारी नोट तपासतो, तिच्यावर रक्कम देय आहे की दावा फेटाळला आहे याचा दिनांकित शिक्का मारतो आणि आद्याक्षरी करतो. शिक्क्यावर बँकेचे व शाखेचे नाव असते. एकदा असा शिक्का बसलेली नोट पुन्हा कोठेही मांडली गेल्यास तिच्यावर पैसे मिळत नाहीत. म्हणून नजरचुकीने शिक्क्याची नोट परत बाजारात जाऊ नये, याची जबाबदारी शाखेवर असते. आणि ती गेलीच, तर तोटा ती स्वीकारणाऱ्या शेवटच्या माणसाचा होतो.

अतिशय ठिसूळ झालेल्या, जळून कोळसा झालेल्या किंवा ओलाव्याने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटांचा निवाडा सामान्य शाखेत होत नाही. त्या हाताळताच तुटतात आणि तुटल्यावर मोजता येत नाहीत. अशा नोटा रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडेच न्याव्या लागतात व तेथे त्यांची विशेष पद्धतीने छाननी होते. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर व नागपूर येथे अशी कार्यालये आहेत.

क्षेत्रफळाचे गणित

२००९ च्या नियमांनी खंडित नोटेच्या निवाड्यात क्षेत्रफळ हा मध्यवर्ती निकष ठेवला. मात्र हे क्षेत्रफळ समोर ठेवलेल्या सर्व तुकड्यांच्या बेरजेचे नसते. ते नोटेच्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याचे असते. ‘अखंड’ हा शब्द या नियमांचा कणा आहे.

त्याचे कारण साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तुकड्यांची बेरीज चालत असती, तर अनेक चांगल्या नोटांमधून एकेक पट्टी कापून घेऊन त्या पट्ट्या जोडून एक जादा ‘नोट’ तयार करता आली असती. मूळ नोटांवर थोडे कमी क्षेत्रफळ राहूनही पूर्ण मूल्य मिळाले असते आणि जोडलेल्या नोटेवर वेगळे. सर्वांत मोठा अखंड तुकडाच मोजायचा ठरल्यावर पट्ट्यांच्या नोटेला काहीच मूल्य उरत नाही.

नियमांनी नोटांचे दोन गट केले. २० रुपये व त्याखालील नोटांसाठी एकच रेषा आहे. अखंड तुकडा नोटेच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक असेल, तर पूर्ण मूल्य. अन्यथा काहीही नाही. येथे अर्धे मूल्य हा प्रकार नाही. एका नोटेचे दोन तुकडे एकाच वेळी निम्म्याहून अधिक असू शकत नाहीत, त्यामुळे दुहेरी दाव्याची भीती या एका रेषेनेच संपते.

५० रुपये व त्यावरील नोटांसाठी तीन पायऱ्या आहेत. २००९ च्या नियमांत अखंड तुकडा ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास पूर्ण मूल्य, ४० ते ६५ टक्के असल्यास अर्धे मूल्य आणि ४० टक्क्यांहून कमी असल्यास शून्य, अशी रचना होती. सप्टेंबर २०१८ च्या दुरुस्तीने पूर्ण मूल्यासाठीची मर्यादा ६५ वरून ८० टक्क्यांवर नेली; ४० टक्क्यांची खालची रेषा तशीच राहिली. याखेरीज या गटातील नोटेसाठी एक सवलत आहे. एकाच नोटेचे दोन तुकडे हजर असून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर मधला काही भाग गहाळ असूनही पूर्ण मूल्य मिळते. दोन्ही मोठे तुकडे एकाच हाती आल्यावर तिसऱ्या माणसाच्या दाव्याची भीती उरत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र उघड आहे.

प्रत्यक्ष मोजणी चौरस सेंटिमीटरमध्ये होते आणि टक्केवारीने येणारा आकडा पुढच्या पूर्ण चौरस सेंटिमीटरपर्यंत वाढवून धरला जातो. २०१६ नंतरच्या ५०० रुपयांच्या नोटेची लांबी १५ सेंटिमीटर व रुंदी ६.६ सेंटिमीटर आहे. तिचे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचे ८० टक्के ७९.२ होतात, म्हणून पूर्ण मूल्यासाठी ८० चौरस सेंटिमीटर लागतात. ४० टक्के ३९.६ होतात, म्हणून अर्ध्या मूल्यासाठी ४० लागतात. त्याच मालिकेतील २० रुपयांच्या नोटेचे क्षेत्रफळ ८१.२७ चौरस सेंटिमीटर असून तिला ४१ चौरस सेंटिमीटरचा अखंड तुकडा पुरतो.

शंभराच्या एका नोटेचे उदाहरण

या आकड्यांचा धारकाच्या दृष्टीने अर्थ काय, हे पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहता येईल. महात्मा गांधी मालिकेतील जुनी, मोठ्या आकाराची १०० रुपयांची नोट घेऊ. ती १५.७ सेंटिमीटर लांब व ७.३ सेंटिमीटर रुंद असते. तिचे क्षेत्रफळ ११४.६१ चौरस सेंटिमीटर आहे. धान्याच्या कोठीत ठेवलेल्या या नोटेचे एक टोक उंदराने कुरतडले आणि ११.५ सेंटिमीटर लांबीचा, पूर्ण रुंदीचा तुकडा शिल्लक राहिला, असे समजू. उरलेले क्षेत्रफळ ८३.९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ७३ टक्के आहे.

हीच नोट ऑगस्ट २०१८ मध्ये खिडकीवर आली असती, तर ६५ टक्क्यांच्या नियमानुसार पूर्ण मूल्यासाठी ७५ चौरस सेंटिमीटर पुरे होते आणि धारकाला १०० रुपये मिळाले असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये आली असती, तर ९२ चौरस सेंटिमीटर लागले असते आणि धारकाला ५० रुपये मिळाले असते. नोट, उंदीर व तुकडा यांत काहीच बदल झालेला नाही. अनुग्रहाची रेषा मात्र सरकली आहे.

कुरतडलेला भाग लहान लहान कणांच्या रूपाने कोठीत सापडला, तरी निकाल बदलत नाही, कारण ते कण ४० टक्क्यांचा एक अखंड तुकडा होऊ शकत नाहीत. याउलट हीच नोट दोन मुलांच्या ओढाताणीत फाटली असती, मधली चिंधी हरवली असती आणि ५५ व ५० चौरस सेंटिमीटरचे दोन तुकडे उरले असते, तर दोन्ही तुकडे ४६ चौरस सेंटिमीटरच्या मर्यादेपुढे असल्याने पूर्ण १०० रुपये मिळाले असते. म्हणजे नुकसान किती झाले यापेक्षा ते कोणत्या आकारात झाले, यावर निकाल अधिक अवलंबून राहतो.

येथे एका मूलभूत प्रश्नाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. उंदराने कुरतडलेल्या भागावर दुसरा कोणी दावा करण्याची शक्यता नाही. तो भाग २७ टक्क्यांचा आहे आणि नियमानुसार ४० टक्क्यांखालच्या तुकड्याला काहीही मिळत नाही. तेव्हा धारकाला न मिळालेले ५० रुपये दुसऱ्या कोणत्याही धारकाला मिळणार नाहीत. दुहेरी दाव्याची भीती ६५ टक्क्यांच्या रेषेनेही पूर्णपणे संपत होती, कारण एक तुकडा ६५ टक्क्यांहून मोठा असेल, तर दुसरा ३५ टक्क्यांहून लहान असणारच. ८० टक्क्यांची रेषा जादा काय साधते, याचे उत्तर पट्ट्या कापण्याच्या लबाडीत शोधावे लागेल. ६५ टक्क्यांच्या नियमात नोटेचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापून घेऊनही पूर्ण मूल्य मिळू शकत होते. नव्या नियमात पाचवा हिस्साही कापता येत नाही. ही सुरक्षितता खरी आहे. परंतु तिची किंमत लबाडाबरोबरच कोठीत नोट ठेवणारा माणूसही देतो, हेही तितकेच खरे आहे.

हेतूचा शोध

लबाडीची ही शंका नियमांत स्वतंत्रपणेही व्यक्त झाली आहे. जाणूनबुजून कापलेल्या, फाडलेल्या वा फेरफार केलेल्या नोटेवरचा दावा क्षेत्रफळ पुरेसे असले तरी फेटाळला जातो. जाणूनबुजून म्हणजे नेमके काय, याची काटेकोर व्याख्या करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने आपल्या सूचनांत मान्य केले आहे. त्याऐवजी ओळखीची खूण दिली आहे. एकाच माणसाने मोठ्या संख्येने नोटा आणल्या आणि सर्वांचा एकाच जागचा, एकाच आकाराचा भाग गहाळ असेल, तर तो अपघात नव्हे. उंदीर, वाळवी, पाणी व आग ही कोणतीही गोष्ट इतक्या शिस्तीने काम करीत नाही. एका नोटेच्या अर्ध्याला दुसऱ्या नोटेचे अर्धे जोडून केलेली विजोड नोट क्रमांक जुळवून पाहताच उघडी पडते.

नोटेवर राजकीय स्वरूपाच्या घोषणा वा संदेश लिहिलेले असल्यासही दावा फेटाळला जातो. येथे नोटेचे क्षेत्रफळ शंभर टक्के असूनही तिचे मूल्य जाते. नुकसानीच्या मोजपट्टीत न बसणारा हा एक अपवाद होय.

नोटा मळण्या-फाटण्यामागे बँकांच्या स्वतःच्या सवयीचाही वाटा होता. शंभर नोटांची गड्डी तारेच्या टाचण्यांनी घट्ट टाचण्याची पद्धत दीर्घकाळ चालू होती. गड्डी सोडताना नोटांना भोके पडत व कडा फाटत. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ नोट धोरणाच्या पाठोपाठ नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने टाचणी मारणे बंद करून कागदी पट्टीने गड्डी बांधण्याचा आदेश बँकांना दिला. धारकाच्या हाती येणारी नोट आधीच जखमी नसावी, ही जबाबदारी त्यामुळे बँकांवर आली.

नियमांविना गेलेला काळ

अनुग्रहाच्या मर्यादा सर्वाधिक ठळकपणे दिसल्या त्या २०१६ ते २०१८ या काळात. नोव्हेंबर २०१६ मध्ये २००० रुपयांची नोट आली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये २०० रुपयांची. दोन्ही मूल्ये नवी होती आणि नव्या मालिकेतील नोटांचे आकारही पूर्वीपेक्षा लहान होते. २००९ चे नियम त्या वेळी अस्तित्वात असलेल्या मूल्यांवर व आकारांवर बेतलेले होते. त्यामुळे २००० वा २०० रुपयांची नोट फाटून तिचा भाग गहाळ झाला, तर ती बदलून देण्यासाठी शाखेतील अधिकाऱ्याकडे नियमच नव्हता. नोटेवरील वचन पूर्ववत छापलेले होते, ती कायदेशीर चलन होती, आणि तरीही तिचा फाटका तुकडा परत करण्याचा आधार नव्हता.

हक्काच्या व्यवस्थेत असे घडते, तर धारक न्यायालयात जाऊन मूल्य मागू शकला असता आणि नियम नसणे हा बँकेचा दोष ठरला असता. अनुग्रहाच्या व्यवस्थेत नियम नाही म्हणजे अनुग्रह नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दुरुस्त नियम राजपत्रात प्रसिद्ध झाले तेव्हा ही उणीव भरून निघाली. २००० रुपयांच्या १०९.५६ चौरस सेंटिमीटरच्या नोटेसाठी ८८ चौरस सेंटिमीटरवर पूर्ण व ४४ वर अर्धे, तर २०० रुपयांच्या नोटेसाठी ७८ वर पूर्ण व ३९ वर अर्धे मूल्य ठरले. ज्या दुरुस्तीने नव्या नोटांना परताव्याच्या कक्षेत आणले, त्याच दुरुस्तीने ५० रुपये व त्यावरील सर्व नोटांसाठी पूर्ण मूल्याची रेषा वर नेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २००० रुपयांची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले; म्हणजे तिच्या सुमारे साडेसहा वर्षांच्या चलनकाळापैकी जवळजवळ पावणेदोन वर्षे तिच्या फाटक्या तुकड्याला नियमाचा आधार नव्हता.

समारोप

सराफाच्या बट्ट्यापासून चौरस सेंटिमीटरच्या कोष्टकापर्यंतचा हा प्रवास एका अर्थाने निश्चिततेकडे झालेला प्रवास आहे. सराफाच्या नजरेवर वा अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला निर्णय पट्टी ठेवून मोजता येईल असा झाला. खिडकीच्या दोन्ही बाजूंची माणसे एकच आकडा पाहू शकतात. विहित अधिकाऱ्याने नोट नाकारली, तर धारक तुकडा मोजून त्याला प्रश्न विचारू शकतो, ही लहान गोष्ट नाही.

परंतु आकडा कोणी ठरवावा, तो केव्हा बदलावा आणि नव्या नोटेसाठी तो केव्हा तयार असावा, याबाबत धारकाच्या हाती काहीच नाही, कारण मूळ कलमाने त्याला हक्क दिलेला नाही. दुहेरी दाव्यापासून बँकेचे रक्षण करण्यासाठी हक्क नाकारणे १९३४ मध्ये आवश्यक वाटले असेल. आज त्या रक्षणाचे काम ‘सर्वांत मोठा अखंड तुकडा’ ही कसोटी व ४० टक्क्यांची रेषा करीतच आहेत. तेव्हा नियमांच्या कसोटीस उतरणाऱ्या तुकड्यापुरता तरी परतावा हा हक्क मानण्यास, आणि नवी नोट चलनात येईल त्याच दिवशी तिच्या परताव्याचे कोष्टकही प्रसिद्ध व्हावे असे बंधन घालण्यास, जुनी भीती आड येऊ नये. कुरतडलेली शंभराची नोट रुमालात बांधून तालुक्याच्या शाखेत येणाऱ्या माणसाला अनुग्रह आणि हक्क यांतील फरक कलमाच्या भाषेत माहीत नसतो. पन्नास रुपये हाती घेऊन परतताना मात्र तो त्याच्या हिशेबात उतरलेला असतो.